हे म्हणजे कुठलं?

दुपारी दोनचा सुमार. जेवणं आटोपून जरा आडवं व्हावं म्हणून चष्मा काढून ठेवला, तेवढ्यात मोबाइल कुरकुरला. घरच्या ग्रुपवर नलूआत्याने एक फोटो टाकला होता आणि खाली एकच ओळ : "हे बरोबर आहे का?"

फोटोत एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. घडीवर फाटलेली, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. वर आजोबांचं नाव आणि खाली निळ्या शाईत तिरक्या अक्षरांत : सं. २०२८, आश्विन कृ. १०.

आता यातलं "हे" कुठलं?

तीस वर्षं इंदूरच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे या प्रश्नाशी माझं जुनं वाकडं आहे. पोरं वही पुढे करायची, पूर्ण पानावरून तळहात फिरवायची आणि विचारायची, "बाई, हे बरोबर आहे का?" मी म्हणायचे, "हे म्हणजे कुठलं? बोट ठेव." गंमत अशी की बोट कुठे ठेवायचं ते शोधता शोधता निम्म्या पोरांना आपली चूक आपणच सापडायची. मग ती तशीच वही मिटून परत जायची, मला काही करावंच लागायचं नाही. एक मुलगी मात्र "नांव" आणि "घरीं" असंच लिहायची, कारण तिला अक्षरं गिरवायला शिकवली होती आजीने. १९६२च्या नियमांनी या मुक्या अनुस्वारांना केव्हाच रजा दिलेली. तिने नेमकं बोट ठेवून विचारलं, "हे बरोबर आहे का?" यावेळी "हे" कुठलं ते स्वच्छ होतं, पण माझीच जीभ अडली. कुणाच्या मते बरोबर? परीक्षकाच्या, की आजीच्या? "परीक्षेत नको लिहूस," एवढं बोलून मी पुढच्या बाकाकडे वळले.

शब्दसुद्धा बघा ना कसा आहे. गणितात बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन आडव्या रेघा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काहीतरी असावं लागतं. "माझ्या बरोबर चल" म्हटलं तरी माणसं दोन लागतात. एका बाजूला चिठ्ठी आहे हे ठीक, पण दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं ते आत्याने सांगितलंच नव्हतं.

तरी सवय काही जात नाही. मी लगेच उत्तर दिलं : "आश्विन बरोबर. बरेच जण अश्विन लिहितात, तसं नको." आणि चष्मा पुन्हा काढला.

पाच मिनिटांत बडोद्याहून सुहासचं उत्तर आलं. त्याच्या स्वयंपाकघरात गुजराती कॅलेंडर टांगलेलं असतं. "हो, बरोबर आहे. आसो वद दशम, म्हणजे दिवाळीच्या आधीची. आपण आजोबांचं श्राद्ध करतो तीच." त्यावर माझ्या भाच्याने इथल्या हिंदी पंचांगाच्या पानाचा फोटो टाकला : "मावशी, दिवाळीच्या आधीची कुठे? ही तर श्राद्धपक्षातली आहे."

इथे मी उठून बसले.

मराठी घरात वाढून हिंदी मुलखात राहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको, तरी सांगते. आपला महिना अमावास्येला संपतो आणि शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच असतो, म्हणून पाडवा, गणपती, दसरा यांत कधी भांडण नाही. पण पौर्णिमा उलटली की त्यांच्याकडे नवा महिना लागलेला असतो आणि आपण अजून जुन्यातच. चंद्र तोच, रात्र तीच, महिन्याचं नाव मात्र वेगळं. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली. कृष्णजन्म आपला श्रावणात, त्यांचा भाद्रपदात. अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ला. ती तिथी आपण श्रावण वद्य चतुर्दशी म्हणतो आणि इथली हिंदी मंडळी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. पालखी मात्र एकाच दिवशी निघते, कारण इथे गावाला तो दिवस पाठ आहे, त्यासाठी कुणाला कागद बघावा लागत नाही.

लहानपणी रामबागेत आमच्या भिंतीला भिंत लागून शर्मा राहायचे. त्यांचा सावन आमच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागायचा. त्यांच्या अंगणात झोका बांधलेला, काकींचा सोमवारचा उपास सुरू, आणि आमच्याकडे खुशाल कांद्याची भजी तळली जातायत. काकी कुंपणावरून म्हणायच्या, "आपका सावन तो अभी लगा ही नहीं." त्यात दोष नसायचा, थोडा हेवाच असायचा. मग राखीपौर्णिमा आली की त्यांचा सावन संपायचा आणि आमचा अर्धा उरायचा. तेव्हा कुंपणावरून वास यायचा त्यांच्याकडच्या कांद्याचा. माझा भाऊ हिशोबी. आईचा श्रावण लागेपर्यंत तो आमच्याकडे जेवायचा आणि राखी झाली की शर्मांकडे. मधले पंधरा दिवस तेवढे त्याला कांद्याविना काढावे लागत. यात कुणाचं बरोबर, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

पण तिथी कागदावर उतरली की घोळ होतो. "आश्विन कृ. १०" हे इथल्या माणसाने लिहिलेलं असेल, तर ती आपली भाद्रपद वद्य दशमी, पितृपंधरवड्यातली. मराठी माणसाने लिहिलेलं असेल, तर वसुबारसेच्या दोन दिवस आधीची. मधे पुरता एक महिना. "वद्य" लिहिलेलं असतं तर मराठी हात म्हणता आलं असतं, "बदी" असतं तर इकडचा. "कृ." काहीच सांगत नाही. राहता राहिला "सं.". मराठी भटजी शके लिहितो. त्या हिशोबाने ते साल १८९३ झालं असतं. म्हणजे विक्रम संवत लिहिणारा हा हात इकडचा असणार. पण बडोद्याचा सुहासही संवतच मानतो, आणि त्याचे महिने आपल्यासारखे अमावास्येला संपतात. शिवाय त्याचा संवत बदलतो दिवाळी झाल्यावर, आपल्या इकडचा चैत्रात. त्यामुळे गुजराती पद्धतीने तो २०२८चा आश्विन १९७२त पडतो, इकडच्या पद्धतीने १९७१त. आजोबा गेले १९७१त, मी आठ वर्षांची होते. निदान गुजराती हात नव्हता एवढं ठरलं.

मी आत्याला फोन लावला. "आत्या, हे म्हणजे कुठलं विचारतेयस तू?"

"तिथी गं. दुसरं काय?"

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

"उज्जैनच्या पंड्याने. दादा अस्थी घेऊन क्षिप्रेवर गेले होते ना, तेव्हा त्याने वहीत घेतलं आणि ही चिठ्ठी दिली."

म्हणजे इकडचाच हात. तरी मी म्हटलं, पक्कं करू या. कागदाला कागदाशी ताडून भागत नाही, तिसरं काहीतरी लागतं. "तुला त्या दिवसांतलं काय आठवतं?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घट बसले नव्हते."

आणि मलाही आठवलं. देवघरात कोपऱ्यात परडी तयार होती, वावरातून काळी माती आणलेली, धान्य निवडून वाटीत काढलेलं. मी ती वाटी घेऊन विचारत फिरत होते, पेरायचं कधी, आणि कुणी उत्तर देत नव्हतं. शेवटी काकूने वाटी हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "सुतक आहे बाळ." ते धान्य नंतर चिमण्यांना घातलं.

सुतक दहा दिवसांचं. भाद्रपद वद्य दशमीला माणूस गेला तर पाच-सहा दिवसांत घटस्थापना येते आणि ती सुतकात सापडते. तोच दिवाळीच्या तोंडावर गेला असता, तर घट, दसरा, कोजागिरी सगळं आधीच झालेलं असतं आणि सुतकात सापडली असती दिवाळी. परडीतली कोरडी माती मला आजही दिसते आहे. आजोबा पितृपंधरवड्यात गेले.

मग आपण दिवाळीच्या आधी का करतो?

तेही आत्यानेच सांगितलं. दादा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, होते तोवर त्यांच्या तोंडी होतं, ते बरोबर पंधरवड्यात करायचे. दादा गेले, बाबांकडे चिठ्ठी आली, आणि बाबांचे गुरुजी मराठी. त्यांनी "आश्विन कृ. १०" वाचलं आणि आश्विन वद्य दशमी सांगितली. त्यांचंही काय चुकलं? चिठ्ठी बरोबर होती आणि गुरुजींचं पंचांगही बरोबर होतं. तेव्हापासून पस्तीसेक वर्षं आमच्याकडे एकीकडे करंज्यांचं सारण भाजलं जायचं आणि दुसरीकडे श्राद्धाची खीर उकळायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी दिवाळीला असाच मिसळलेला वास येतो.

एक बरं होतं. महालय बाबा तिथीला करायचे, आणि महालयात महिना बघायचा नसतो, पंधरवड्यातली ती तिथी घ्यायची. दशमी तर दशमी. म्हणजे खऱ्या दिवशी आजोबांचं पान दर वर्षी वाढलं जातच होतं, फक्त दुसऱ्या नावाने.

मी हे सगळं आत्याला नीट समजावलं, बोट ठेवून. अमावास्या, पौर्णिमा, घट, संवत. ती हं हं करत होती. शेवटी मी म्हटलं, "तर यंदापासून पंधरवड्यात करायचं, आणि दिवाळीच्या आधीचं बंद. माझ्या भावाला सांगते मी."

"आणि ते दिवाळीला आले तर?"

"कोण?"

"पस्तीस वर्षं त्या दिवशी बोलावलंय आपण त्यांना. सवय झाली असेल गं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रुपवर सुहासने एव्हाना अंगठा टाकला होता. तो कशाला होता, कुणास ठाऊक.