तीनशे पानांचा वार्षिक अहवाल एका पानात: सहा कोटींनी अडवलेलं काम

आमचं पुण्यातलं गुंतवणूक सल्ल्याचं छोटं ऑफिस. बरेचसे ग्राहक डॉक्टर. दोन पेशंटांच्या मध्ये जेवढं वाचून होईल तेवढंच ते वाचतात. म्हणून सरांचा नियम ठरलेला: कंपनीचा अहवाल कितीही जाड असो, ग्राहकाकडे ए-फोरचं एकच पान जाणार, आणि अक्षर बारीक करून मजकूर कोंबायचा नाही.

यंदा माझ्या वाट्याला वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आली. नाव सांगत नाही. आकडेही थोडे फिरवून गोल केले आहेत, हिशोब मात्र जसा होता तसाच आहे. अहवाल तीनशेच्या वर पानांचा. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वेगळा अहवाल (बीआरएसआर म्हणतात तो) जोडावा लागतो, त्यामुळे जाडी वाढली आहे. तो भाग, कारखान्याचे फोटो, पुरस्कार, संचालकांची ओळख हे सगळं चाळण्यात फार वेळ जात नाही. मी अडकले ती अध्यक्षांच्या पत्राशेजारच्या रंगीत चौकटीपाशी.

चौकटीत दोन मोठे आकडे होते. विक्री ७४० कोटी, निव्वळ नफा ६२ कोटी, आणि नफ्यापुढे हिरवा बाण: २४ टक्के वाढ. एका पानाच्या सारांशात पहिली ओळ नफ्याचीच असते, म्हणून आकडा पडताळायला मागे ताळेबंदाकडे गेले. एकत्रित, म्हणजे कन्सोलिडेटेड, नफा-तोटा पत्रकात विक्री ७४० कोटीच होती. नफा मात्र ४५ कोटी. आदल्या वर्षी तो ४७ होता. म्हणजे चौकटीत २४ टक्के वाढ आणि पत्रकात चार टक्के घट. कंपनी एकच, वर्षही एकच.

६२ कुठून आले ते लवकर सापडलं. तो आकडा स्टँडअलोन पत्रकातला होता, म्हणजे उपकंपन्या वगळून फक्त मूळ कंपनीचा. तिथे आदल्या वर्षीचे ५०, यंदा ६२. विक्री दाखवताना सगळ्यांची एकत्र घ्यायची, नफा दाखवताना तोट्यातल्या उपकंपनीला बाहेर बसवायचं. खाली इवल्याशा अक्षरांत एक तारका होती, पण तारकेचा खुलासा त्या पानावर नव्हता.

मग उपकंपनीचा तोटा शोधला. त्यासाठी फॉर्म एओसी-१ बघावा. प्रत्येक उपकंपनीचं भांडवल, उलाढाल आणि नफा-तोटा एका तक्त्यात मिळतो, आणि तो बहुतेकदा संचालक मंडळाच्या अहवालाच्या जोडपत्रांत किंवा अगदी शेवटी असतो. युरोपातल्या विक्रीसाठी काढलेली एकच उपकंपनी होती, तोटा ११ कोटी. ६२ मधून ११ गेले, उरले ५१. पत्रकात ४५. सहा कोटी कुठे गेले?

या सहा कोटींनी मला जे छळलं ते विचारू नका. सर म्हणाले, “सोडून दे, ४५ लिही.” पण ग्राहकाला नफा का घटला हे एका वाक्यात सांगायचं, तर कारण मला आधी कळायला हवं. अहवालावर गुंतवणूकदारांसाठी ईमेल पत्ता दिलेला असतो, तिथे लिहिलं. उत्तर आलं: आकडे लेखापरीक्षित पत्रकांनुसार आहेत. मी पान क्रमांक आणि बेरीज-वजाबाकीसकट पुन्हा लिहिलं. यावेळी उत्तरात रजिस्ट्रारचा, म्हणजे आरटीएचा, नंबर आला. आरटीए शेअरहस्तांतर, लाभांश, पत्ता बदलणं असली कामं करतो. तिथल्या बिचाऱ्या मुलीने मला फोलिओ नंबर विचारला. कंपनीच्या ऑफिसात फोन केला, तर सेक्रेटेरियल विभाग फायनान्सकडे पाठवी आणि फायनान्सवाले “वार्षिक अहवाल बघा मॅडम” म्हणत. तोच तर माझ्यापुढे उघडा होता!

शेवटी उत्तर अहवालातच मिळालं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीननुसार एकत्रित पत्रकांच्या टिपांमध्ये एक तक्ता द्यावाच लागतो: एकत्रित नफ्यात आणि मालमत्तेत कोणत्या कंपनीचा किती वाटा. तो टिपांच्या शेपटाला असतो आणि तिथवर फारसं कोणी पोचत नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मूळ कंपनी ६२, उपकंपनी उणे ११, एकत्रीकरणाचे समायोजन उणे ६. एकूण ४५.

समायोजनाचा अर्थ असा. मूळ कंपनीने उपकंपनीला माल विकला आणि स्वतःच्या वहीत नफा मांडला. उपकंपनीने तो माल अजून बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकलेलाच नाही. दोन्ही वह्या एकत्र केल्या की हा माल घरातल्या घरात फिरलेला ठरतो, आणि बाहेर न विकलेल्या मालावरचा नफा वजा करावा लागतो. म्हणजे हे सहा कोटी युरोपातल्या गोदामात पडून होते.

एकदा हे कळल्यावर बाकीचे आकडे आपोआप जागेवर बसले. संबंधित पक्षांच्या टिपेत उपकंपनीकडून यायची रक्कम ९ कोटींवरून ३८ कोटींवर गेलेली. एकत्रित साठा ९६ वरून १३१ कोटी. कामकाजातून आलेली रोकड ५८ कोटींवरून २१. नफा दोनच कोटींनी घटला, रोकड ३७ कोटींनी, आणि त्यातला मोठा वाटा न विकलेल्या मालात अडकलेला. माल खरंच खपेल की नाही हे यावरून सांगता येत नाही. नव्या बाजारात शिरताना आधी साठा करावा लागतो, तसंही असू शकतं. म्हणून मी “धोका” हा शब्द काढून टाकला आणि पुढे कोणता आकडा पाहायचा तेवढं लिहिलं.

मधल्या परिच्छेदात हे बसलं: “एकत्रित नफा ४५ कोटी (गेल्या वर्षी ४७). कंपनीने ठळक छापलेला ६२ कोटींचा आकडा उपकंपनी वगळून आहे. युरोपातील उपकंपनीला ११ कोटी तोटा, शिवाय तिच्याकडे पडून असलेल्या मालावरचा ६ कोटी नफा हिशोबातून वजा. साठा ९६ वरून १३१ कोटी. सहामाही ताळेबंदात हा साठा उतरतो का ते पाहावे.” सहामाही म्हटलं, कारण तिमाही निकालांत ताळेबंद दर वेळी नसतो, सप्टेंबरअखेरच्या निकालांसोबत येतो. या चार-पाच वाक्यांसाठी माझे अर्धे केस पांढरे झाले, पण सरांनी एकही शब्द बदलला नाही, याचा मला अजून आनंद आहे.

असं पान करायला बसणाऱ्यांसाठी, आठवेल तसं सांगते. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक लिहा, आणि पीडीएफमधला नव्हे, छापलेला, कारण दोन्ही जुळत नाहीत. वाचायला सुरुवात एकत्रित पत्रकांवरच्या लेखापरीक्षकांच्या अहवालापासून करा. त्यांनी ज्या बाबींवर जास्त तपासणी केली त्या तिथे ‘की ऑडिट मॅटर्स’ या मथळ्याखाली असतात. आमच्या कंपनीत पहिलीच बाब साठ्याच्या मूल्यांकनाची होती, आणि ती आधी वाचली असती तर फोनाफोनी वाचली असती. गुणोत्तरांची टीपही सोडू नका. एखादं गुणोत्तर २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कंपनीला कारण लिहावंच लागतं. कारण कधी कधी नुसतं “व्यवसायवाढीमुळे” असं असतं, तरी कुठे खणायचं ते कळतं.

आणि गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडा ठेवा. यंदाच्या पत्रकातला मागील वर्षाचा रकाना त्याच्याशी ताडून बघा. आकडे कधी कधी नव्याने मांडलेले असतात, आणि तसं असेल तर वाढीचा टक्का कोणत्या आकड्यावरून काढला ते पानावर लिहावं लागतं.