मॉनिटर १८० हर्ट्झचा, यादी १४४ला संपते

«कार्ड नवीन, मॉनिटर १८० हर्ट्झचा, केबलसुद्धा बॉक्समध्ये आलेलीच लावली. तरी विंडोजमध्ये १४४च्या वर काही दिसतच नाही. एचडीएमआय लावू की डिस्प्लेपोर्ट? आणि केबल महागातली घ्यावी लागेल का?»

डिस्प्लेपोर्ट लावा. महागातली केबल बहुधा लागणार नाही, पण धड असलेली लागेल. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी गेल्या काही वर्षांत २७ इंची १४४०पी मॉनिटर घेतले, आणि सगळ्यांची गाडी याच १४४वर येऊन थांबते. हा आकडा कुठून येतो ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कोपरखैरण्याच्या एका मुलाचं उदाहरण घेतो. कार्ड आरटीएक्स ४०६०. त्याच्या मागच्या पट्टीवर तीन डिस्प्लेपोर्ट १.४ए आणि एक एचडीएमआय २.१. त्याचं म्हणणं, «काका, कार्डावर तर एचडीएमआय २.१ आहे, मग अडतं कुठे?» अडतं मॉनिटरपाशी. त्याच्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: एचडीएमआय २.० दोन, डिस्प्लेपोर्ट १.४ एक. कार्ड, केबल आणि मॉनिटर या तिघांत जो कमी, त्याचंच चालतं. घोडबंदर रोड कितीही रुंद केला तरी गायमुखच्या घाटात जेवढ्या गाड्या मावतात तेवढ्याच पुढे जातात, तसंच हे.

आता हिशेब. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, आणि हे सगळं सेकंदाला १८० वेळा पाठवायचं. गुणाकार येतो १५.९ गिगाबिट प्रतिसेकंद. एचडीएमआय २.०ची क्षमता १८ गिगाबिट सांगतात, त्यामुळे वरवर पाहता मावायला हवं. पण तिथे दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जातात, म्हणजे चित्रासाठी प्रत्यक्षात उरतात १४.४. १८० हर्ट्झ तिथेच बाद. १४४ हर्ट्झला तोच गुणाकार १२.७ येतो, त्यात ओळींच्या आणि फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळेची भर पडून साधारण १४ होतात. जेमतेम मावतं. म्हणून यादी १४४ला संपते. तुमचं कार्ड किंवा विंडोज बिघडलेलं नाही.

जेमतेम मावण्याचा एक परिणाम लवकर लक्षात येत नाही. त्याच एचडीएमआयवर १४४ला एचडीआर चालू केलंत तर १० बिट रंग लागतात, आणि तेवढी जागा नसते. मग रंगाची माहिती अर्धी करून पाठवली जाते. गेममध्ये किंवा सिनेमात कळत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची लाल किंवा निळी बारीक अक्षरं बघा, कडा फिसकटलेल्या दिसतील. लोक मॉनिटरच्या पॅनलला दोष देतात. बऱ्याचदा तो पॅनलचा नसतो.

डिस्प्लेपोर्ट १.४ची तारेवरची क्षमता ३२.४ गिगाबिट, कामाची २५.९. आपल्या १८०ला रिकामा वेळ धरून सुमारे १८ लागतात, १० बिट घेतले तरी साधारण २२. निवांत बसतं. मुलाने केबल बदलली, पोर्ट बदलला आणि मला फोन केला की आता तर ६०च दिसतंय. तेही बरोबरच आहे. नव्या पोर्टवर विंडोज बऱ्याचदा आपणहून वर जात नाही. Settings, System, Display, Advanced display इथे जाऊन Choose a refresh rate मध्ये १८० हाताने निवडावं लागतं.

डिस्प्लेपोर्ट लावूनही यादीत १८० आलंच नाही, तर दोन गोष्टी बघायच्या. पहिली मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते आणि ती १.२वर ठेवलेली असू शकते. १.२ची कामाची क्षमता १७.३, आणि आपल्याला लागतात १८. थोडक्यात हुकतं.

दुसरी गोष्ट केबल. कार्ड आणि मॉनिटर जोडले गेले की आधी आपसात चाचणी घेतात: सगळ्यात जास्त वेग लावून बघतात, चुका येत असतील तर एक पायरी खाली उतरतात. केबल सुमार असेल तर १.४ची जोडी गुपचूप १.२च्या वेगावर येते, आणि वरचा आकडा यादीतून गायब होतो. कधी चाचणी पास होते, पण काठावर. मग खेळताना मध्येच पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. असं झालं की आधी १२० हर्ट्झवर उतरून बघा. काळं होणं थांबलं तर संशय केबलवर घ्यायला हरकत नाही. त्यावर सोन्याचा मुलामा किंवा विणलेलं कापड बघू नका, लांबी बघा. टेबलावरच्या मॉनिटरला दीड-दोन मीटर पुरतात, पाच मीटरची गुंडाळी मागे लोंबकळत ठेवायचं कारण नाही.

दुकानात «१.४ची केबल» मागितली तर मिळते, पण प्रमाणपत्र आवृत्तीच्या नावाने दिलं जात नाही. डिस्प्लेपोर्टच्या या वेगासाठी प्रमाणित केबलवर DP8K असं लिहिलेलं असतं. एचडीएमआयला ४८ गिगाबिटसाठी Ultra High Speed, आणि त्या पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. लेबल नसेल तर दुकानदाराच्या «८के आहे साहेब»वर विसंबू नका.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलचा आणखी एक विचित्र त्रास आहे. तिची २०वी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसायला हवी. काही केबलमध्ये ती जोडलेली असते, आणि पीसी बंद असताना मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट कार्डात उलटे येतात. मग सकाळी मशीन चालू व्हायला कुरकुरतं. केबल काढली की लगेच चालू होतं. ती केबल टाकून द्या. आणि काढताना ओढू नका, बहुतेक प्लगवर वरच्या बाजूला खटका असतो, तो दाबून मगच काढा. ओढून कार्डाचा पोर्ट ढिला केलेले लोक मी बघितलेत.

एचडीएमआय मग कधी? टीव्हीला. तिथे डिस्प्लेपोर्ट सहसा नसतोच, आणि ४के १२० हवं असेल तर टीव्हीचा खरा २.१ पोर्ट शोधावा लागतो, सगळे पोर्ट सारखे नसतात. खरा म्हणतोय कारण नियमांनुसार १८ गिगाबिटच्या पोर्टलाही २.१ म्हणता येतं, वाढीव क्षमता ऐच्छिक आहे. म्हणून खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा सोडा. माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे कुठलं रिझोल्यूशन किती हर्ट्झला दिलंय तेवढं वाचा. ४के १४४ मॉनिटर घेणार असाल तर डिस्प्लेपोर्ट १.४लाही ते सरळ मावत नाही, डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं. ते कार्ड आणि मॉनिटर दोघांत हवं, आणि डोळ्याला फरक कळत नाही, निदान मला तरी नाही.

आणि हो, केबल मदरबोर्डच्या पोर्टात नाही ना, हेही बघून घ्या. पीसीच्या मागे वरच्या बाजूला उभे असतात ते मदरबोर्डचे पोर्ट, कार्डाचे त्यांच्या खाली आडव्या पट्टीवर. हसू नका, निम्म्या फोनचं उत्तर तेच असतं.