निळे ठिपके

"डॉक्टर, तीन वर्षं अंथरूण कोरडं होतं. आता दोन महिने झाले, परत ओलं करतोय. आणि रात्री उठून पाणी किती पितो!"

ही दोन वाक्यं एका दमात ऐकली की बालरोगतज्ज्ञाचा हात आधी ग्लुकोमीटरकडे जातो. मुलांमधला मधुमेह अनेकदा असाच सुरू होतो आणि उशीर झाला तर जिवावर बेततो, म्हणून ही तपासणी उद्यावर ढकलत नाहीत. माझं क्लिनिक कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोटाच्या टोकाची साखर ९४ आली. लघवीत साखर नाही, संसर्ग नाही. बद्धकोष्ठतेनेही मूत्राशय दाबलं जातं, म्हणून पोट तपासलं. तेही मऊ होतं.

आईला गोळी हवी होती. जावेच्या मुलाला कुणीतरी डेस्मोप्रेसिन दिलं होतं आणि ते लागू पडलं होतं. ही गोळी रात्रीची लघवी कमी करते. पण ती घेऊन मूल पाणी पीत राहिलं, तर ते पाणी अंगातच साठतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. जो मुलगा रात्री चार-पाच ग्लास पितो, त्याला ती कशी द्यायची? आधी हे पाणी कशाचं ते कळायला हवं होतं.

मी दोन आठवड्यांची वही लिहायला सांगितली. सकाळी अंथरूण ओलं की कोरडं ते आईने लिहायचं. रात्री पाणी प्यायलं की मुलाने उशाशी ठेवलेल्या स्केचपेनने निळा ठिपका काढायचा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

वही आली. पहिल्या आठवड्यात रोज तीन ते पाच ठिपके, पाच दिवस अंथरूण ओलं. दुसऱ्या आठवड्यात पान जवळजवळ कोरं. फक्त रविवारी तीन ठिपके होते.

आजार असा वार बघून येत नाही. आईला बाहेर बसायला सांगून मी त्याच्याशी बोललो.

"या आठवड्यात काय वेगळं होतं रे?"

"बाबांची नाईट होती. आधी सेकंड होती. सेकंडला बाबा बाराला येतात."

"मग तुला बारानंतर तहान लागते?"

"तहान नाही लागत." तो माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत होता. "मी पाणी प्यायला गेलो की ते थांबतात."

काय थांबतं ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. आधी आवाज मोठा असतो. मग आई म्हणते, हळू, तो उठेल. मग ते हळू बोलतात. "हळूवालं जास्त वेळ चालतं." आधी तो एकच घोट प्यायचा. आई म्हणाली, पूर्ण पी, म्हणजे परत उठायला नको. तेव्हापासून पूर्ण ग्लास.

"का होत असेल असं?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "बाबांना तेव्हा भूक लागलेली असते. आणि आईला झोप आलेली असते."

आई-बाबांना सांगू का, असं विचारल्यावर म्हणाला, "पाण्याचं सांगा." मग जरा वेळाने, "दुसरं नका सांगू."

चार दिवसांनी दोघं आले. वडील सुट्टी टाकून आले होते. मी शब्द पाळायचा ठरवलं होतं. साखर, लघवी, पोट सगळं ठीक असल्याचं सांगितलं, गोळी का देत नाही तेही सांगितलं. मग वही पुढे सरकवली आणि वडिलांना म्हटलं, या तारखांना तुमची कुठली शिफ्ट होती, तेवढं शेजारी लिहा. त्यांनी मोबाईलमध्ये बघून लिहिलं. रविवारच्या तीन ठिपक्यांपुढे 'सुट्टी' लिहिताना पेन थांबलं.

"तो झोपलेला असतो," आई म्हणाली. मला नव्हे, वहीला.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ग्लास मीच भरून देतो त्याला."

मी सल्ला दिला नाही. घरात पैशाचं होतं की आणखी कशाचं, मला आजही माहीत नाही. झोपायच्या तासभर आधी पाणी आवरतं घ्या, निजताना शू करायला लावा, ओलं झालं तर ओरडू नका, एवढंच नेहमीचं सांगितलं.

महिन्याने तो नवीन वही घेऊन आला. त्यात ओल्या रात्री दोनच होत्या. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मात्र रोज एकेक ठिपका होता, पण पोकळ, नुसतं वर्तुळ.

"हा कसला?"

"उठलो होतो. पाणी नाही प्यायलो. नुसतं बघून आलो."

"मग?"

"बाबा जेवत होते. आई बसली होती."