शिट्टी न वाजणारा कुकर आणि आमची वाटचाल

मंगळवार पेठेत आमची मिरची कांडपाची गिरणी आहे. सासऱ्यांनी दोन डंकांवर सुरू केली, आता चार आहेत. मार्च ते मे हे तीन महिने बोलायलाही सवड नसते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, वर भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, धने, तीळ. बायका डबे घेऊन रांगेत बसतात आणि संध्याकाळी चटणी घेऊन जातात. कोल्हापुरात चटणी म्हणजे हीच, लाल, वर्षभराची. पुण्याच्या पुढे गेलं की चटणी म्हणजे वेगळंच काहीतरी, हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि व्हिडिओच्या धंद्यात त्याची किंमतही मोजली.

व्हिडिओ सुरू झाले ते गिऱ्हाइकांच्या फोनमुळे. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा लंडनला, जाताना बॅगेत दोन किलो चटणी. मग तिकडून रविवारी रात्री फोन: काकू, रस्सा पातळ झालाय, काय करू? आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकात पक्क्या. त्या फोनवर सांगायच्या. एकच उत्तर पन्नास वेळा देऊन दमल्यावर पुतण्या म्हणाला, एकदाच शूट करून टाकू. गिरणीच्या वरच्या खोलीत शेगडी मांडली आणि दोन दिवे लावले. आज या कामातून दोघींचा पगार निघतो आणि चटणीची मागणी वाढली ती वेगळी. पण पहिलं वर्ष आम्ही चुकीच्या जागी घाम गाळला. कॅमेरा बदलला, दिवे बदलले. व्हिडिओखाली लिहायचा मजकूर मात्र पुतण्या रात्री अकरा वाजता झोपेच्या डोळ्यांनी लिहायचा.

पांढऱ्या रश्शाचा व्हिडिओ हे त्याचं ठळक उदाहरण. पहिलं शीर्षक असं होतं: ‘आईच्या हातचा अस्सल झणझणीत कोल्हापुरी पांढरा रस्सा’. पांढरा रस्सा झणझणीत कधीपासून झाला, असं आईंनीच विचारलं. शीर्षकाचा दुसरा दोष पुतण्याला फोनवर बघितल्यावर दिसला. यादीत शीर्षक अर्ध्यावर तुटत होतं आणि पदार्थाचं नाव तुटलेल्या भागात गेलं होतं. दिसत होतं ते फक्त आईच्या हातचं आणि अस्सल, म्हणजे जे प्रत्येक जण लिहितो तेच. यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं, पण देवनागरीत काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. ‘कोल्हापुरी’ आपल्याला चार अक्षरी वाटतं, मोजणीत ते 10 होतं.

वर्णनात एकच ओळ होती: साहित्य व्हिडिओत दिलं आहे, नक्की करून पाहा. बाकी चॅनेलला सबस्क्राइब करा.

मग तीन फोन आले आणि आमचे डोळे उघडले.

पहिला दुबईहून. ‘वहिनी, खसखस कुठून आणू?’ संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती नुसती दुकानात मिळत नाही असं नाही, बॅगेत नेली तरी अडचणीत येतो माणूस. सिंगापुरातही ती सहजासहजी नेता येत नाही. आणि व्हिडिओत आई चमचाभर खसखस भिजवताना हसून म्हणतात, हिच्याशिवाय मजा नाही. छापलेल्या पुस्तकासारखाच व्हिडिओ एकदा वर गेला की गेला, तो बोल बदलता येत नाही. वर्णन मात्र कधीही बदलता येतं. त्या दिवशी रात्रीच पुतण्याने पहिल्या ओळीत लिहिलं की खसखस नसेल तर ती सोडा आणि काजू वाढवा. पहिलीच ओळ का, तर बाकीचं वर्णन घडी उलगडल्याशिवाय दिसत नाही आणि बॅग भरणारा माणूस ती उलगडेलच असं नाही.

दुसरा फोन न्यू जर्सीहून. मटण छान शिजलं, वाटण छान झालं, पण रस्सा खिरीसारखा गोड! पाच मिनिटं आम्ही चक्रावलो. शेवटी डब्याचा फोटो मागवला. तिने ‘क्रीम ऑफ कोकोनट’ आणलं होतं, जे तिकडे शीतपेयांत घालायला साखर घालून बनवतात. तिला हवं होतं साधं ‘कोकोनट मिल्क’. दोन्ही डबे एकाच फळीवर, दोन्हीवर नारळाचं चित्र. आपल्याकडे नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढतात, म्हणून ‘नारळाचं दूध’ एवढंच म्हणून भागतं. तिकडे डब्याचा नेमका शब्द आणि ‘घटकांत साखर नको’ एवढं लिहावंच लागतं.

तिसरा फोन लंडनजवळच्या गावातून, आणि तो मी विसरणार नाही. मुलगी रडकुंडीला आलेली. ‘काकू, चाळीस मिनिटं झाली, एक पण शिट्टी नाही.’ कुकर विजेचा होता. त्याला शिट्टीच नसते. आई व्हिडिओत सहा शिट्ट्या म्हणाल्या होत्या आणि ती बिचारी सहा मोजायला बसली होती. वर तिच्याकडे मटण म्हणून आलेलं होतं लँब, म्हणजे कोवळी मेंढी. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि त्याला जास्त वेळ लागतो. त्यामुळे चाळीस मिनिटांत लँबचा लगदा झाला. तेव्हापासून आमच्या वर्णनात शिट्टी हा शब्दच नाही. विजेच्या कुकरला बोकडाचं 30 मिनिटं, लँबचं 20 च्या आत, आणि खूण एकच, मांस हाडापासून सुटायला लागलं पाहिजे. खूण लिहिणं मिनिटांपेक्षा जास्त कामाचं, कारण प्रत्येकीचं भांडं वेगळं.

हे सगळं समजल्यावर व्हिडिओ तोच ठेवून मजकूर पुन्हा लिहिला. आमच्या पद्धतीत सगळ्यात जास्त वेळ प्रकरणांना, म्हणजे वेळेच्या खुणांना जातो. पूर्वी आमची प्रकरणं अशी होती: प्रस्तावना, साहित्य, कृती भाग एक, कृती भाग दोन, समारोप. ही आमच्या शूटिंगची वाटणी होती. चुलीपाशी उभ्या बाईला भाग दोन काय कामाचा? तिचे हात वाटणाने बरबटलेले, एका बोटाने ती फोन सरकवते आणि तिला नेमकी एक जागा हवी असते. म्हणून आता आईंना शेजारी बसवून मी व्हिडिओ बघते आणि विचारते, इथे कुणाचा हात थांबेल? त्या सांगतात तिथे खूण. पांढऱ्या रश्शाला त्यांनी लगेच बोट ठेवलं ते दुधावर.

नारळाचं दूध जोरात उकळलं की फुटतं, वर तेलकट थर आणि खाली पाणी. आपल्याकडे आच बंद केली की आच बंद होते. तिकडच्या विजेच्या तव्यासारख्या शेगड्या बटण बंद केलं तरी बराच वेळ तापलेल्या राहतात. आई म्हणाल्या, ‘मग आधी पातेलं खाली उतरवा म्हणावं, मग दूध घाला. बटणावर कशाला विश्वास ठेवायचा?’ तेच प्रकरणाचं नाव झालं. आणि फुटलेल्या रश्शासाठी व्हिडिओच्या शेवटी आईंनी दोन मिनिटं सांगितलेली होती, ती कुणाच्या लक्षात येत नव्हती. फुटला तर थोडा निवू द्यायचा, चमचाभर काजूची पेस्ट घालून मिक्सरमध्ये फिरवायचा आणि परत फक्त गरम करायचा, उकळायचा नाही. तिला वेगळं प्रकरण दिलं.

आता तो मजकूर असा दिसतो:

```
पांढरा रस्सा: खसखस नसेल तरी, टिनमधल्या नारळाच्या दुधात | Kolhapuri Pandhra Rassa

खसखस मिळत नाही किंवा बंदी आहे? ती सोडा, काजू 10 ऐवजी 15 घ्या.
दूध: साखर नसलेलं कोकोनट मिल्क, 400 मिलीच्या डब्यातलं अर्धं.
मटण: बोकड किंवा लँब, हाडासकट, अर्धा किलो. हळद नको.
विजेचा कुकर: बोकड 30 मिनिटं, लँब 20 च्या आत.

0:00 आज काय करणार
0:35 साहित्य
2:10 मटण: मांस हाडापासून सुटेपर्यंत
4:45 अळणी गाळून घेणं
6:05 वाटण, खसखस नसेल तर काजू वाढवा
8:20 वाटण परतणं, रंग न बदलता
10:15 पातेलं उतरवा, मग दूध घाला
12:05 रस्सा फुटला तर
```

शीर्षकात मोजून 80 अक्षरं आहेत. मराठी भाग आधी आहे, कारण तुटलं तर शेवट तुटावा. मागचं रोमन नाव तिकडे वाढलेल्या मुलांसाठी. त्यांना मराठी बोलता येतं, पण शोधताना ती देवनागरीत टाईप करत नाहीत. एकच स्पेलिंग ठेवलं. पुतण्याला पाच स्पेलिंगं खाली ओळीने टाकायची होती, मी नको म्हटलं. वाचणारीला ती ओळ म्हणजे कचरा.

‘अळणी’ हा शब्द ठेवावा की काढावा यावर घरात वाद झाला. आमच्याकडे मटण शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी. नागपूरच्या एकीला वाटलं, मीठ न घालता काहीतरी. म्हणून आता त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सबटायटलमध्ये ‘मटणाचं पाणी’ असं उमटतं. प्रकरणाच्या नावात मात्र अळणीच राहिलं, आईंच्या हट्टापायी. मलाही ते काढवलं नसतं.

तांत्रिक गोष्टींत फार काही नाही, पण दोनदा ठेच लागली. पहिल्या वेळी आम्ही सुरुवातीची ओळख वगळून पहिली खूण 0:12 ला दिली. वर्णनातले आकडे दाबले की व्हिडिओ त्या जागी जायचा, म्हणून आम्ही निर्धास्त. पण खालच्या पट्टीचे तुकडे पडले नव्हते, नावं दिसत नव्हती. यादी 0:00 पासूनच सुरू व्हावी लागते, खुणा निदान तीन लागतात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक प्रकरण 10 सेकंदांपेक्षा छोटं चालत नाही. पट्टी तुटलेली दिसली की झालं, नाही दिसली तर यातलं काहीतरी राहिलंय. दुसरी ठेच जास्त लागली. पुतण्याने खुणा काढून ठेवल्या आणि मग शेवटच्या क्षणी सुरुवातीला गिरणीचं 14 सेकंदांचं दृश्य जोडलं. सगळ्या खुणा 14 सेकंद आधीच्या झाल्या. ‘पातेलं उतरवा’ दाबलं की आई अजून वाटणच ढवळतायत. बघणारीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं, आणि ती कळवतही नाही. आता नियम असा की खुणा अपलोड झालेल्या व्हिडिओवरूनच काढायच्या, आणि जिने लिहिल्या नाहीत तिने फोनवर एकेक दाबून बघायच्या. आमच्याकडे हे काम आई करतात. चष्मा लावून बसतात, एकेक खूण दाबतात, आणि चूक सापडली की पुतण्याला खालून हाक मारतात, डंकांच्या आवाजावरून.

तांबड्या रश्शाचं काम सध्या अडलंय. त्यात ‘चार चमचे चटणी’ असं आई म्हणाल्यात, आणि आमची चटणी नसेल त्या घरात चार चमचे काय घालायचे, याची ओळ अजून आम्हाला जमलेली नाही. दुकानात मिळणारी तिखटपूड चार चमचे घातली तर कुणी जेवू शकणार नाही, त्यात कांदा, खोबरं, धने काहीच नसतं. दीड चमचा तिखटपूड, भाजलेलं किसलेलं खोबरं दोन चमचे, धनेपूड एक, असं गेल्या रविवारी करून बघितलं. रंग आला. आई म्हणाल्या, लसूण कमी पडला. येत्या रविवारी परत.