प्रेशर रेशो १६ आणि अडकलेली एक सही

टर्मवर्कच्या दहा शीट्सपैकी नऊंवर एकाच सकाळी सह्या झाल्या. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दहावी शीट मात्र पुरे सोळा दिवस माझ्या पिशवीतून सरांच्या टेबलावर आणि टेबलावरून पुन्हा पिशवीत फिरत राहिली. खिडकीवरच्या क्लार्कनी एकच वाक्य धरून ठेवलं होतं, "सगळ्या सह्या नसतील तर हॉल तिकीट नाही." आज ती शीट फाईलमध्ये आहे, परीक्षाही होऊन गेली, तरी आठवलं की राग येतो. पुढच्या बॅचमधल्या कुणाची शीट अशीच अडकली असेल तर तिला किंवा त्याला हे उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

शीट गॅस टर्बाइनच्या सायकलची होती, रीजनरेशनसकट. गणित सगळ्यांना सारखंच, फक्त प्रेशर रेशो, म्हणजे कॉम्प्रेसर हवेचा दाब किती पट करतो ते, प्रत्येकाच्या रोल नंबरवरून ठरलेला. हवा ३०० केल्विनला आत येते, टर्बाइनमध्ये वायू १२०० केल्विनला शिरतो, हीट एक्स्चेंजरची इफेक्टिव्हनेस ०.७५, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन आदर्श धरायचे. आधी रीजनरेशनशिवाय एफिशियन्सी काढायची, मग रीजनरेशनसह, आणि शेवटी किती वाढली ते लिहायचं. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला रेशो ४ आला. माझ्या वाट्याला १६.

तिचं गणित आधी सांगते, कारण रीजनरेशन म्हणजे काय ते त्यात स्वच्छ दिसतं. रेशो ४ ला कॉम्प्रेसरमधून हवा ४४६ केल्विनला बाहेर पडते. टर्बाइनमधून काम करून निघालेला वायू अजून ८०७ केल्विनला असतो, आणि साध्या सायकलमध्ये तो तसाच धुराड्यातून सोडून देतात. मध्ये हीट एक्स्चेंजर बसवला की हा गरम वायू एका बाजूने जातो, कॉम्प्रेसरची हवा दुसऱ्या बाजूने, आणि पत्र्याच्या भिंतीतून उष्णता हवेकडे येते. दोघांच्या तापमानात ३६१ अंशांचा फरक. त्याचे पाऊण टक्के नव्हे, पाऊण हिस्सा म्हणजे २७१ अंश हवेला मिळतात, आणि ती कंबशन चेंबरमध्ये ७१७ केल्विनला पोचते. आता इंधन जाळायचं ते ४४६ पासून १२०० पर्यंत नव्हे, ७१७ पासून १२०० पर्यंत.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा. प्रेशर रेशो तोच असेल तर टर्बाइनचं काम बदलत नाही, कॉम्प्रेसरचंही बदलत नाही. किलोमागे निव्वळ काम २४८ किलोज्यूल, आधीही आणि नंतरही. बदलते ती फक्त बाहेरून द्यावी लागणारी उष्णता. ती ७५८ वरून ४८५ किलोज्यूलवर आली, म्हणून एफिशियन्सी ३३ टक्क्यांवरून ५१ वर गेली. मैत्रिणीची शीट पहिल्याच दिवशी पास झाली.

मी त्याच पायऱ्यांनी गेले. रेशो १६ ला कॉम्प्रेसरमधून हवा ६६२ केल्विनला निघाली. टर्बाइनमधून वायू ५४३ ला. सूत्रात आकडे घातले, इफेक्टिव्हनेसने गुणलं, आणि हवा ५७३ ला आली. म्हणजे एक्स्चेंजरमध्ये शिरताना ६६२ आणि निघताना ५७३. उजळणी न करता मी पुढे गेले, कारण सबमिशनची तारीख डोक्यावर होती. रीजनरेशनशिवाय एफिशियन्सी जवळपास ५५ टक्के आली, रीजनरेशनसह ४७. शेवटच्या ओळीत लिहिलं, "८ टक्क्यांनी घट."

सरांनी लाल पेनाने "घट"वर गोल केला आणि बाजूला लिहिलं: पुन्हा करा.

पुन्हा केलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर बदलून केलं, मैत्रिणीला शेजारी बसवून केलं, तेच उत्तर. सरांचं म्हणणं एवढंच होतं, "रीजनरेशनने एफिशियन्सी वाढते. सगळ्यांची वाढली आहे. तुझी कमी कशी होईल?" सगळ्यांचे रेशो दहाच्या आत होते हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. स्टाफरूमबाहेरच्या बाकावर मी तीन दुपारी काढल्या. एकदा सर परीक्षेच्या मीटिंगला गेलेले, एकदा रजेवर, आणि एकदा होते, पण शीट उघडून न बघता म्हणाले, "आधी उत्तर बरोबर आण." या वाक्याचा मला आजही त्रास होतो. माझी बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. चूक कुठे आहे हे कुणी दाखवत नव्हतं आणि चूक आहे हे मात्र सगळे सांगत होते.

एका मित्राने सल्ला दिला, वजाबाकीचं चिन्ह उलटं कर, आकडा वाढेल, सही मिळेल. ते करू नका. ६६२ मध्ये ८९ मिळवले की हवा ७५१ ला जाते, आणि ५४३ अंशांच्या वायूने ती ७५१ पर्यंत तापवली असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देता.

गाठ सुटली ती मामामुळे. मामा साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. रविवारी घरी आला तेव्हा मी शीट पसरून बसले होते. त्याला टर्बाइनची सायकल माहीत नाही, पण बॉयलरचा एअर हीटर त्याच्या रोजच्या हाताखालचा. धुराड्याकडे जाणारा धूर नळ्यांतून जातो, नळ्यांभोवतून भट्टीची हवा, आणि हवा तापून भट्टीत जाते. माझं चित्र बघून तो म्हणाला, "हे आमच्या एअर हीटरगतच हाय की. धूर किती, हवा किती?" मी म्हटलं, धूर ५४३, हवा ६६२. त्याने माझ्याकडे बघितलं. "आगं, धूर गार आन हवा गरम, मग हवा कशानं तापनार? तुझी हवाच धुराला तापवायला लागली की."

आई शेजारी धाकट्याचं दूध निववत होती, पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवून. मामाने तिकडे बोट केलं. "त्या परातीत उकळतं पानी वत, बघ दूध निवतंय का."

तेवढ्यावर मला सगळं दिसलं. सूत्राला दिशा कळत नाही. धूर गरम असो की हवा, ते फरक घेतं आणि इफेक्टिव्हनेसने गुणतं. माझ्या गणितात एक्स्चेंजर नीट काम करत होता, पण उलट्या बाजूने: कॉम्प्रेसरने खपून तापवलेल्या हवेतली उष्णता तो धुराला देत होता आणि ती धुराड्यातून बाहेर जात होती. म्हणून इंधन जास्त लागलं. ४७ टक्के हे त्या यंत्राचं बरोबर उत्तर होतं. चूक होती ती प्रश्नात, "किती वाढली ते लिहा" या शब्दांत.

त्या रात्री आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढल्या. आडव्या अक्षावर प्रेशर रेशो, उभ्यावर तापमान. रेशो वाढतो तशी कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम होत जाते, कारण जास्त दाबायचं म्हणजे जास्त तापणार. टर्बाइनमधून निघणारा वायू मात्र थंड होत जातो, कारण जास्त रेशोत टर्बाइन त्याच्यातून जास्त काम पिळून घेते. एक रेषा चढते, एक उतरते. आमच्या आकड्यांना त्या रेशो ११.३ ला भेटतात, आणि तिथे दोन्ही तापमानं नेमकी ६०० केल्विन असतात. त्याच्या डावीकडे रीजनरेशनने फायदा, भेटीच्या ठिकाणी शून्य, उजवीकडे तोटा. हा रेशो सूत्रानेही निघतो:

r = (T3/T1)^(γ/(2(γ−1)))

T1 म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान, T3 टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं, γ हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर. T3/T1 म्हणजे ४, γ १.४, घातांक १.७५. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम. (मला नंतर कळलं की याच रेशोला किलोमागे निव्वळ काम सगळ्यात जास्त मिळतं. म्हणजे जास्तीत जास्त कामासाठी आखलेल्या आदर्श सायकलला रीजनरेशनचा काहीच उपयोग नसतो. हे फार सुंदर वाटलं.)

सोमवारी सरांच्या हातात शीट दिली नाही, आलेख दिला. ते उभ्यानेच बघत होते, मग बसले. त्यांची पहिली शंका योग्य होती: खरं यंत्र आदर्श नसतं, टर्बाइनमधून वायू याहून गरम निघतो, मग फायदा होईल की. ते मी आदल्या रात्री करून ठेवलं होतं. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन दोन्ही ८५ टक्के धरले तर रेशो १६ ला वायू ६४२ ला निघतो, पण कॉम्प्रेसरची हवाही वाढून ७२६ ला जाते. फरक कमी झाला, दिशा तीच. भेटीचा बिंदू सरकून साडेबाराच्या जवळ जातो, १६ पर्यंत येत नाही. सरांनी दोन्ही आकडे स्वतः कागदावर करून बघितले. मग आधीच्या लाल गोलावर आडवी रेघ मारून सही केली. काही बोलले नाहीत. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता, तो मिळाला नाही. पण आलेख त्यांनी ठेवून घेतला आणि झेरॉक्स मला दिली.

राहिलेलं एक, जे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं: रीजनरेशनचं कुठलंही गणित हातात घेतलं की इफेक्टिव्हनेसकडे वळण्याआधी टर्बाइनमधून निघणाऱ्या वायूच्या तापमानातून, म्हणजे T4 मधून, कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेचं तापमान T2 वजा करा. उत्तर ऋण आलं तर तिथेच थांबा आणि शीटवर स्पष्ट लिहा की या रेशोला एक्स्चेंजर बसवू नये. उत्तर धन पण छोटं आलं, समजा रेशो १० ला येतात तसे ४२ अंश, तर कागदावर एफिशियन्सी ४८ ची ५१ च्या जवळ जाईल, पण एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांतून जाताना दोन्ही बाजूंना दाब थोडा पडतो आणि टर्बाइनचं काम तेवढं घटतं. दोन्हीकडे ३-३ टक्के धरून मी हिशेब केला तर ती वाढ निम्म्यावर आली. लहान मायक्रोटर्बाइन रेशो ४ च्या आसपास चालतात आणि एक्स्चेंजर हा त्यांचा मोठा भाग असतो, ते याचसाठी: तिथे धूर आणि हवेत भरपूर अंतर असतं.

आणि सही झाल्यावर शीट लगेच खिडकीवर नेऊन द्या. मी आनंदात आधी कँटीनला गेले, परत आले तर खिडकी बंद. हॉल तिकीट दुसऱ्या दिवशी मिळालं.