माध्यमाचा रकाना

“ताई, यूपीएससीच्या फॉर्मवर मुख्य परीक्षेचं माध्यम मराठी टाकू की इंग्रजी? आणि मराठी टाकलं तर वैकल्पिक विषयही मराठीतच लिहावा लागतो ना?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तिथेच अडलेला असतो. नाही, लिहावा लागत नाही. निबंध आणि सामान्य अध्ययनाचे चार पेपर मराठीत लिहिणाऱ्याला वैकल्पिकचे दोन्ही पेपर इंग्रजीत लिहायची मुभा आयोगाच्या नियमांतच आहे. उलटी जोडी मात्र जमत नाही. सामान्य अध्ययन इंग्रजीत आणि इतिहास किंवा भूगोल मराठीत, असं चालत नाही. अपवाद साहित्याचा. मराठी साहित्य घेतलंत तर ते मराठीतच लिहायचं, बाकीचं माध्यम कुठलंही असो.

भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर हा आणखी वेगळा रकाना. तो 300 गुणांचा, त्यात 25 टक्के म्हणजे 75 गुण मिळवायचे, आणि ते गुण अंतिम यादीत धरत नाहीत. तिथे मराठी लिहिलंत म्हणून तुमचं माध्यम मराठी होत नाही. इंग्रजी माध्यमातून लिहिणाऱ्या मराठी मुलांनी मात्र हा पेपर हलका धरू नये. शाळा सुटल्यापासून हाताने मराठी लिहिलेलंच नसतं, आणि इथे निबंध आहे, उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश आहे, भाषांतर आहे. यात किंवा इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरात नापास झालात तर बाकीच्या पेपरांचे गुण मोजलेच जात नाहीत.

आता पहिला प्रश्न. त्यासाठी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीचं सांगते. ती बार्शीकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग कृषीची पदवी, आणि ती चारही वर्षं इंग्रजीतून. वैकल्पिक विषय कृषी, हे तिचं ठरलेलं होतं. माध्यमाबद्दल मात्र दोन महिने रोज मत बदलायचं, कारण रोज नवा माणूस नवा सल्ला द्यायचा. मी तिला सल्ला दिला नाही, आधीच्या वर्षाचा सामान्य अध्ययनाचा पेपर दिला.

त्या पेपरात 20 प्रश्न असतात. दहा प्रश्न 10 गुणांचे, साधारण 150 शब्दांचे, आणि दहा 15 गुणांचे, 250 शब्दांचे. वेळ तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं. तिने एका रविवारी अर्धा पेपर दीड तास घड्याळ लावून मराठीत लिहिला, आणि पुढच्या रविवारी तशाच दुसऱ्या पेपराचा अर्धा भाग इंग्रजीत.

इंग्रजीत दहाही प्रश्न झाले. पण 15 गुणांची उत्तरं दीडशे शब्दांच्या आतच संपत होती, आणि दुसऱ्या परिच्छेदात पहिलाच मुद्दा शब्द बदलून आला होता. पंचायत राजवरच्या प्रश्नात तिच्या स्वतःच्या गावची ग्रामसभा तिला आठवली होती, पण ती इंग्रजीत कशी मांडावी ते सुचेना म्हणून तिने ती सोडून दिली. मराठीत ग्रामसभा आली, त्यातली अडचणही आली, उत्तर भरलं. पण आठच प्रश्न झाले, दोन कोरे राहिले.

नुसतं मोजलं असतं तर इंग्रजी जिंकली असती. म्हणून आम्ही दोघींनी वेळ कुठे गेला ते शोधलं. मुख्य परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते, मराठीत नाही. ही अख्खा प्रश्न मनात मराठीत उतरवून मगच लिहायला घेत होती. एकेका प्रश्नावर दीड-दोन मिनिटं तिथेच जात होती. कधी हिंदी मजकुराचा आधार घ्यायची, आणि तिथेही खड्डे आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. घाईत वाचणाऱ्या मराठी डोळ्याला तिथे दंड दिसतो.

माझ्या मते निर्णय इथेच होतो. वेळ प्रश्न वाचण्यात जात असेल तर तो सरावाने परत मिळवता येतो. प्रश्नाचं भाषांतर करायचंच नाही. विषयाचा शब्द आणि काय करायला सांगितलंय तो शब्द, एवढ्या दोन ठिकाणी रेघ मारायची आणि उत्तर थेट मराठीत सुरू करायचं. पण उत्तर लिहिताना शब्दासाठी हात थांबत असेल, ‘अकाउंटेबिलिटी’ला काय म्हणू म्हणून पेन हवेत राहत असेल, तर त्या भाषेत तुमचा अभ्यासच झालेला नाही. मग एक तर माध्यम बदला, नाही तर आजपासून शब्दांची वही घाला. त्या मुलीने तीन आठवडे प्रश्नवाचनाचा सराव केला आणि नव्वद मिनिटांत दहा प्रश्न बसायला लागले.

शब्दांची वही मराठी माध्यमवाल्याला चुकत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत, चालू घडामोडींचा बराच मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो, त्यामुळे वाचन एका भाषेत आणि लेखन दुसऱ्या भाषेत होतं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी कामाला येतात. एका संज्ञेला एकच मराठी शब्द ठरवायचा आणि तोच सगळीकडे वापरायचा. उत्तरदायित्व आणि जबाबदारी हे शब्द आलटून पालटून वापरले तर नीतिशास्त्राच्या पेपरात दोन वेगळ्या कल्पना एक होतात. तांत्रिक संज्ञेपुढे कंसात तिचा इंग्रजी शब्द द्यायला नियमाने परवानगी आहे, पण तेवढ्यापुरतीच. अख्खी वाक्यं इंग्रजीत लिहिता येत नाहीत.

कृषीचं माध्यम तिने इंग्रजी ठेवलं आणि मला ते पटलं. मातीची ‘कॅटायन एक्स्चेंज कपॅसिटी’ ती चार वर्षं त्याच नावाने शिकली होती. ‘धन आयन विनिमय क्षमता’ हा शब्द बरोबर आहे, पण पाचशे गुणांच्या विषयात अशा शेकडो संज्ञा नव्याने पाठ करण्यात तिचा काही फायदा नव्हता.

मराठी साहित्याबद्दल विचारणारेही बरेच असतात. मराठीची पदवी लागत नाही. तशा स्वरूपाची अट आयोगाने 2013 साली घालून पाहिली होती आणि विरोध झाल्यावर मागे घेतली. अजूनही कुणी तरी ती जुनी गोष्ट नव्याने सांगतं, म्हणून लिहिते. पण घरी मराठी बोलतो एवढ्या भांडवलावर हा विषय घेऊ नका. पहिल्या पेपरात भाषाविज्ञान, व्याकरण, अहिराणी-वऱ्हाडीसारख्या बोली आणि लोकसाहित्य आहे. दुसऱ्यात नेमलेल्या कृती आहेत, त्यात ‘स्मृतिस्थळ’ हा महानुभावांचा गद्यग्रंथही आहे. त्याची चार पानं वाचून बघा. ती परत वाचावीशी वाटली तर पुढे जा.

फॉर्म सादर झाल्यावर दुरुस्तीला थोडे दिवस मिळालेच, तरी त्यात काय बदलता येतं ते त्या वर्षीची अधिसूचना ठरवते. त्या भरवशावर रकाना भरू नका. त्या मुलीने भरलं ते असं: भारतीय भाषा मराठी, माध्यम मराठी, वैकल्पिक कृषी, वैकल्पिकचं माध्यम इंग्रजी. प्रिंटवर हे चारही रकाने तिने लाल पेनाने गोल केले आणि ती प्रत वहीच्या आत चिकटवली, कारण मुख्य परीक्षेत प्रत्येक उत्तरपत्रिकेवर माध्यम लिहायचं असतं आणि न निवडलेल्या भाषेत लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत.