सहीचा कॉलम कागदाबाहेर गेला तेव्हा

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाची सभासद यादी एका सरकारी कार्यालयात द्यायची होती. १६२ नावं, ए-फोर कागद उभाच हवा, आणि प्रत्येक नावासमोर सही. दोन संध्याकाळी घराघरांतून सह्या गोळा करायच्या म्हणून यादी आधी छापून घेतली, आणि नमुना दाखवावा म्हणून कार्यालयात नेली. बाईंनी पहिलंच पान पाहिलं आणि परत सरकवलं. "मॅडम, दस्तख़त का कॉलम कहाँ है?" मी म्हटलं, है ना, आख़िरी में. बघते तर ई-मेलचा कॉलम अर्धवट कापलेला, आणि त्यापुढे कागद संपलेला. दुसऱ्या दिवशी या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तो राग अजून गेलेला नाही, पण चूक टेबलात होती आणि ती सापडायला मला तीन रात्री लागल्या, म्हणून हे लिहून ठेवते.

यादी खजिनदार काकांनी एक्सेलमध्ये केलेली होती. मी ती कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केली. पेस्ट करताना एक्सेलच्या कॉलमांच्या रुंदीही सोबत येतात, हे लक्षात ठेवा. आमच्या यादीत क्रमांक १.२ सेंमी, नाव ४.५, पत्ता ६, मोबाइल २.८, ई-मेल ५.२ आणि सही ३. बेरीज २२.७. आता कागद बघा. ए-फोर २१ सेंमी रुंद, दोन्ही बाजूंना २.५४ मार्जिन, म्हणजे मजकुराला १५.९२ सेंमी. डाव्या मार्जिनपासून कागदाची उजवी कडा १८.४६ सेंमीवर येते. सहीच्या आधीचे पाच कॉलमच १९.७ होतात. म्हणजे सहीचा कॉलम मार्जिनच्या बाहेर नव्हे, कागदाच्याच बाहेर सुरू होत होता. नेहमीच्या दृश्यात वर्ड कागदाबाहेरचं काही दाखवत नाही, त्यामुळे स्क्रीनवर ई-मेल हाच शेवटचा कॉलम वाटत होता. `View` मध्ये जाऊन `Draft` निवडलं आणि हरवलेला कॉलम उजवीकडे जागच्या जागी दिसला. टेबल कापलं जातंय अशी शंका आली की हे आधी करा.

खरी अडकले ती पुढे. टेबलात क्लिक केलं की वर `Layout` टॅब येतो (नव्या आवृत्तीत त्याचं नाव `Table Layout` आहे), त्यात `AutoFit` खाली तीन पर्याय असतात. मला वाटलं, `Fixed Column Width` म्हणजे रुंदी ठीक करणारा पर्याय. तो दाबला. काहीच हललं नाही. पुन्हा दाबला. टेबल तसंच कागदाबाहेर. पहिली रात्र यातच गेली. हा पर्याय रुंदी ठीक करत नाही. आत्ता जी रुंदी आहे तीच गोठवतो. माझं टेबल २२.७ सेंमी होतं, ते २२.७ वरच पक्कं झालं.

दुसऱ्या रात्री `AutoFit Window` दाबलं. टेबल लगेच दोन्ही मार्जिनांच्या मध्ये बसलं, सहीचा कॉलम आला, मी यजमानांना उठवून दाखवलं. पण सकाळी चार नवे सभासद भरले आणि कॉलम पुन्हा सरकायला लागले. कारण या पर्यायाने टेबलाची एकूण रुंदी मार्जिनांमधल्या जागेच्या १०० टक्के होते, आतल्या कॉलमांनी ती कशी वाटून घ्यायची हे मात्र मजकुरावर अवलंबून राहतं. एका ताईंचा ई-मेल नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून ३४ अक्षरांचा, मध्ये कुठेही जागा नाही. जागा नाही तिथे वर्ड ओळ तोडत नाही, तर तो कॉलम फुगवतो आणि शेजाऱ्यांना दाबतो. ई-मेल एका ओळीत राहिला, पण "कुलकर्णी" दोन ओळींत तुटलं आणि सहीला बोटभर जागा उरली नाही. `AutoFit Contents` ने तर सहीचा कॉलम आणखी आकसला, कारण तो रिकामा, आणि रिकाम्या कॉलमला मजकुराच्या हिशेबाने रुंदी लागतच नाही. सह्यांची यादी असेल तर तो पर्याय मुळीच वापरू नका.

शेवटी जमलं ते क्रमाने केल्यावर. आधी मार्जिन दोन्हीकडे २ सेंमी केली, म्हणजे मजकुराला बरोबर १७ सेंमी. हे सुरुवातीलाच करा, कारण गोठवलेलं टेबल नंतर मार्जिन बदलली तरी सोबत बदलत नाही. मग `AutoFit Window`, म्हणजे टेबल आत आलं. आत आल्यावरच `Fixed Column Width`. त्यानंतर एकेक कॉलम वरून निवडून `Layout` मधल्या `Width` च्या चौकटीत आकडा लिहिला: १, ३.५, ४, २.५, ३.५, २.५. बेरीज १७. मोबाइलचे दहा आकडे १० पॉइंटमध्ये २.५ सेंमीत एका ओळीत मावले. चौकटीत इंच दिसत असतील तरी `3.5 cm` असं टाइप केलं की चालतं.

कॉलम पक्का झाला की लांब ई-मेल जिथे जागा संपेल तिथे तुटतो, अगदी नावाच्या मध्यावरही. मला तो `@` च्या आधी तुटायला हवा होता. तिथे कर्सर ठेवून `200B` टाइप केलं, तेवढीच चार अक्षरं निवडली आणि `Alt+X` दाबलं. न निवडता दाबलं तर आधीचे जन्मसालाचे आकडेही वर्ड कोडचाच भाग धरतो. न दिसणारी तोडायची जागा तयार होते. हे फक्त छापायच्या प्रतीत करा. तिथून पत्ता कॉपी करून कुणी मेल पाठवला तर ते न दिसणारं अक्षरही सोबत जातं आणि मेल पोचत नाही.

एक गोष्ट राहिली. सगळं बसल्यावर अध्यक्षांची सही लांब असते म्हणून त्यांच्या चौकटीची उजवी रेघ मी माउसने ओढली. ती चौकट निवडलेली होती, त्यामुळे तेवढी एकच ओळ बाहेर आली, बाकीचा कॉलम जागेवर. १६० च्या वर ओळींत असा दात डोळ्यांना सापडत नाही. ओळखायची खूण अशी: अख्खा कॉलम निवडा आणि `Width` बघा. चौकट रिकामी दिसली तर आतल्या काही चौकटींची रुंदी वेगळी आहे. तिथेच पुन्हा २.५ लिहिलं, सगळ्या सारख्या झाल्या.

खजुरी बाजारात छापायला दिलं तेव्हा वर्डची फाइल नेलीच नाही, घरूनच पीडीएफ करून नेली. पहिल्या खेपेला दुकानाच्या कॉम्प्युटरवर आमचा मराठी फॉन्ट नव्हता, अक्षरं रुंद आली आणि `AutoFit` चालू असल्यामुळे कॉलम पुन्हा वेगळेच बसले होते. या वेळी नऊ पानं निघाली. मी दुकानातच उभी राहून प्रत्येक पानाची उजवी रेघ पट्टीने तपासली. सगळीकडे कडेपासून दोन सेंमी.